लांबलेल्या सॉफ्टवेअरबाबत ग्राहकाला पत्र : तोरणमाळ परिसराच्या संदर्भात

सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या संस्थेला, म्हणजे ग्राहकाला, काम कुठवर आले हे ठरावीक काळाने कळवणाऱ्या लेखी निवेदनास प्रगती-अहवाल म्हणतात. आणि काम वेळापत्रकाच्या मागे पडले की या अहवालाचा सर्वाधिक बिघाड टक्केवारीमुळे होतो, असा या व्यवसायातील जुना अनुभव आहे. आय.बी.एम.च्या ‘ओएस/३६०’ या प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, प्रगतीचे टप्पे निःसंदिग्धपणे तपासता येतील असेच असावेत, असे प्रतिपादन केले होते. तरीही ‘ऐंशी टक्के काम पूर्ण’ हे वाक्य आजही सर्रास लिहिले जाते.

या वाक्यात काय दडते हे पाहण्यासाठी अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ परिसरासाठी बनणाऱ्या एका मोबाइल-प्रणालीचे उदाहरण घेता येईल. यातील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. सातपुड्यातील पाड्यांवर बालकांच्या वजनाची नोंद आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका या दोघींनी आपापल्या फोनवर करायची, नेटवर्क नसेल तेथे ती फोनमध्येच साठवायची आणि नेटवर्क मिळताच मध्यवर्ती संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, पाठवायची, अशी ही रचना आहे. करारात ४० कामे आणि ३० सप्टेंबर ही मुदत आहे. ३१ ऑगस्टला ३२ कामांचे प्रोग्राम लिहून झालेले असतात, म्हणून अहवालात ८० टक्के लिहिले जाते. परंतु ग्राहकाने फोनवर वापरून स्वीकारलेली कामे २२च असतात.

मधली १० कामे कागदावर पूर्ण दिसत असली तरी खरा उशीर तेथेच असतो. एकाच बालकाची सोमवारची नोंद एका फोनवर आणि गुरुवारची दुसऱ्या फोनवर असेल, आणि गुरुवारची नोंद आधी व सोमवारची नंतर सर्व्हरवर पोहोचली, तर ‘शेवटी आलेली नोंद खरी’ मानणारी प्रणाली नव्या वजनावर जुने वजन लिहून मोकळी होते. अशा वेळी पडद्यावर चूक दाखवली जात नाही. फोनमधील नोंदी आणि सर्व्हरवरील नोंदी समोरासमोर मोजल्या तरच ती सापडते. शहरातील कार्यालयात, जेथे नेटवर्क सतत असते, हा दोष बहुधा उद्भवतच नाही, आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला की प्रत्यक्ष जागेवरची चाचणीही पुढे जाते. दोन्ही नोंदी तारखेसह जपून निर्णय पर्यवेक्षिकेवर सोपवणे हा उपाय आहे, पण त्यासाठी साठवणुकीची मूळ मांडणीच बदलावी लागते; असे काम ‘किरकोळ दुरुस्ती’ या सदरात घालणे ही ग्राहकाची दिशाभूल होय.

नवी तारीख इच्छेवरून न ठरवता स्वीकृतीच्या वेगावरून काढावी. मागील काही आठवड्यांत दर आठवड्याला दोन ते तीन कामे स्वीकारली गेली असतील, तर उरलेल्या १८ कामांना सहा ते नऊ आठवडे लागतील, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंत. ‘आणखी माणसे लावू’ हे आश्वासन येथे टाळलेले बरे, कारण नव्या माणसांना काम समजावून देण्यात जुन्या माणसांचाच वेळ जातो आणि उशीर वाढतो, हे निरीक्षणही ब्रुक्स यांचेच आहे.

तथापि या भागात ग्राहकाची खरी मुदत करारातील तारखेवर अवलंबून नसते. दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व अन्य मजुरीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात. त्याआधी वजन नोंदले गेले नाही, तर त्या बालकाची नोंद कित्येक महिने लांबते. म्हणून उशीर कळवणाऱ्या पत्राचा गाभा पुढीलप्रमाणे असावा : ‘३१ ऑगस्टअखेर ४० पैकी २२ कामे आपण तपासून स्वीकारली आहेत. दोन फोनवरील नोंदी एकत्र करताना जुने वजन नव्यावर लिहिले जाते; या दोषाची दुरुस्ती अजून अपूर्ण आहे. सर्व कामे १५ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर या काळात पूर्ण होतील. नोंद, साठवण आणि पाठवणी यांची सहा कामे आधी घेतल्यास ती २५ सप्टेंबरपर्यंत देता येतील. आलेख व मासिक तक्ते नंतर येतील. या क्रमास ५ सप्टेंबरपर्यंत संमती द्यावी.’

सहा कामांसाठी २५ सप्टेंबर ही तारीखही त्याच वेगातून येते : दोनच्या मंद गतीने तीन आठवडे, आणि वर काही दिवस राखीव. या पत्रात दिलगिरीचे एखादे वाक्य पुरे. तांत्रिक कारणांची लांबण लावल्यास ग्राहकाने घ्यायचा निर्णय त्यात हरवतो. पत्र मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी गेले, तर मजकूर कितीही प्रामाणिक असला तरी क्रम बदलण्याची संधी ग्राहकाच्या हातून गेलेली असते. ज्यांच्याकडे असे काम असेल त्यांनी स्वीकृत कामांची संख्या दर आठवड्याला लिहून ठेवावी आणि ती सलग दोन आठवडे अपेक्षेपेक्षा कमी भरली की त्याच आठवड्यात ग्राहकाला कळवावे.