अज्ञानाशी केलेला करार आणि परत मिळणारा पैसा

आमच्या तालुक्याच्या कचेरीत सातबाऱ्याचा उतारा मागणारे लोक क्षेत्र, आकार आणि बोजा एवढे पाहून समाधान पावतात. परंतु खातेदाराच्या नावापुढे कधी कधी ‘अ.पा.क.’ अशी जी तीन अक्षरे असतात आणि त्यांच्यामागून आईचे किंवा चुलत्याचे नाव येते, त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अज्ञान पालनकर्ता असा त्यांचा अर्थ. माझ्या मामेभावाने ही अक्षरे वाचली होती, त्यांचा अर्थही त्याला ठाऊक होता. तथापि, खातेदार मुलगा दिसायला थोराड, बोलण्यात धीट, तेव्हा तो केव्हाच सज्ञान झाला असेल आणि तशी नोंद करून घ्यायचे कोणी मनावर घेतले नसेल, असा तर्क त्याने केला. या तर्काची किंमत त्याला एक लाख रुपये पडली. दाव्याच्या कामी मी त्याच्या बाजूस उभा होतो, आणि या विषयाची जी माहिती मी पुस्तकांतून वर्षानुवर्षे वाचली होती ती त्या एका प्रकरणात मला प्रत्यक्ष पाहावयास मिळाली.

हकीकत अशी. मामेभावाच्या बांधाला लागून असलेली दोन एकर विहीरबागायत त्या मुलाला त्याच्या आजोबांनी मृत्युपत्राने दिलेली होती. बाप आधीच वारला होता; आई पालनकर्ती होती. मुलाला अठरावे पूर्ण व्हायला काही महिने अवकाश असताना त्याने, आईला न विचारता, ती जमीन विकण्याचे साठेखत माझ्या मामेभावास करून दिले, इसारादाखल दोन लाख रुपये घेतले, आणि वयाविषयी शंका निघाली तेव्हा आपण एकोणीस वर्षांचे आहोत असे प्रतिज्ञालेखावर लिहून सही केली. पुढे आईला ही गोष्ट कळली, तिने शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मनोंदीचा उतारा पुढे केला, आणि खरेदीखत करून देण्याचे साफ नाकारले. मामेभावाने करारपूर्तीसाठी, आणि ती न मिळाल्यास पैसे परत मिळावेत यासाठी, दावा लावला.

करारपूर्तीची आशा ठेवू नये, हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितले. १८७२ च्या कराराच्या कायद्याचे अकरावे कलम करार करण्यास कोण पात्र ते सांगते, आणि सज्ञानता ही त्याची पहिली अट आहे. मात्र ही अट मोडली तर काय होते, करार मुळातच शून्य ठरतो की अज्ञानाच्या इच्छेनुसार तो टाकता किंवा ठेवता येतो, हे त्या कलमात स्पष्ट लिहिलेले नाही. म्हणूनच एकतीस वर्षे निरनिराळ्या हायकोर्टांत निरनिराळे निर्णय होत राहिले, आणि अखेर १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात त्या वादाचा निकाल लावला. कलकत्त्याच्या धर्मोदासाने अज्ञान असताना, २० जुलै १८९५ रोजी, आपली घरे ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडे वीस हजार रुपयांच्या कर्जापोटी गहाण टाकली होती. सावकाराचा कारभार पाहणाऱ्या मुखत्याराला, मुलगा अज्ञान असल्याचे पत्र त्याच्या आईच्या वतीने आधीच पोहोचले होते. तरीही त्याने मुलाकडून आपण सज्ञान असल्याची लेखी कबुली घेऊन व्यवहार पुरा केला. न्यायासनाने ठरविले ते असे की, ज्याला करार करण्याची पात्रताच नाही त्याचा करार कधी जन्मासच येत नाही. तो शून्य आहे.

येथे माझ्या मामेभावाने विचारलेला प्रश्न प्रत्येकजण विचारतो, आणि तो रास्तही आहे. ‘‘करार नसेना का, पण त्याच कायद्याचे पासष्टावे कलम सांगते ना, की करार शून्य निघाला तर घेतलेला लाभ परत केला पाहिजे?’’ त्यावर प्रिव्ही कौन्सिलचे उत्तर असे आहे की, ते कलम करारास पात्र असलेल्या दोन व्यक्तींमध्ये झालेल्या आणि मागाहून शून्य ठरलेल्या व्यवहारापुरते आहे. जेथे पात्रताच नव्हती तेथे ते लागू पडत नाही. प्रतिज्ञालेखाचाही उपयोग होत नाही. मनुष्याने एकदा केलेल्या विधानाविरुद्ध पुढे बोलू नये, हा पुराव्याच्या कायद्यातील विबंधाचा नियम अज्ञानाला लावला, तर करार करण्यास जे कायद्याने मनाई आहे ते खोटे बोलून साधता येईल आणि संरक्षण नाममात्र उरेल. म्हणूनच मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठानेही १९३१ साली गदिगेप्पाच्या खटल्यात, वयाविषयी खोटे सांगणाऱ्या अज्ञानाविरुद्ध विबंध चालत नाही, असा निर्णय दिला. खोटे बोलणारा मुलगा निर्दोष आहे असे कायदा म्हणत नाही. तो इतकेच म्हणतो की त्याच्या खोटेपणामुळे अपात्रता नाहीशी होत नाही. हा भेद मला पटतो, आणि अशिलांना तो पटवून देणे मी कर्तव्य समजतो, कारण बहुतेक लोकांची सारी भिस्त त्या प्रतिज्ञालेखाच्या कागदावर असते.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरी खोच त्यातच आहे. इंग्लंडमध्ये १९१४ साली लेस्ली विरुद्ध शील या खटल्यात, वय लपवून चारशे पौंड कर्ज घेतलेल्या तरुणाकडून ते वसूल करू देण्यास कोर्टाने नकार दिला. जी वस्तू फसवून घेतली ती जशीच्या तशी हाती असेल तर ती परत करावयास लावता येते. परंतु पैसा खर्चून गेला आणि त्याऐवजी तेवढीच रक्कम भरावयास सांगितले, की ते कर्जफेड करविण्यासारखेच होते, म्हणजे शून्य ठरलेला करार मागच्या दाराने अमलात आणल्यासारखे होते, असा त्या निकालाचा आशय. १९२८ साली लाहोरच्या पूर्ण पीठाने मात्र, आपली जमीन १७,५०० रुपयांस विकून ताबा देण्याचे नाकारणाऱ्या अज्ञानाला पैसे परत करण्यास सांगितले. न्यायबुद्धीच्या दृष्टीने वस्तू आणि पैसा यांत असा भेद करण्याचे कारण नाही, असे त्या पीठाचे मत पडले. अलाहाबादने १९३७ साली त्याच्याशी असहमती दाखविली. हा मतभेद १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टने मिटविला. त्याच्या तेहतिसाव्या कलमान्वये, आपण करारास अपात्र होतो या मुद्द्यावर प्रतिवादी दाव्यास यशस्वी हरकत घेतो तेव्हा, त्या करारामुळे त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जितका लाभ झाला असेल तितक्या मर्यादेपर्यंत तो परत करण्यास कोर्ट त्याला सांगू शकते. या वाक्यातील दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. माप आहे ते झालेल्या लाभाचे, दिलेल्या रकमेचे नव्हे. आणि कोर्टाला तसा हुकूम करता येतो, तो केलाच पाहिजे असे बंधन नाही. हेही येथेच सांगितले पाहिजे की, अज्ञान स्वतः वादी होऊन दस्त रद्द करून मागू लागला, तर त्याच कलमाखाली मिळालेला लाभ परत करण्याशिवाय न्यायास आवश्यक ती भरपाई देण्याचीही अट कोर्ट त्याच्यावर घालू शकते. म्हणजे तोच मुलगा वादी आहे की प्रतिवादी, यावर समोरच्या माणसाला काय मिळेल हे पुष्कळसे अवलंबून राहते.

तेव्हा आमच्या दाव्यातील सारा पुरावा, दोन लाख दिले की नाही यावर नव्हे, तर ते कोठे गेले यावर केंद्रित झाला. पावती मुलानेच दिली होती. ती सिद्ध करण्यात फारसे काही नव्हते. कष्ट पडले ते पुढे. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे आजोबांनी काढलेले कर्ज या जमिनीवर बोजा म्हणून चढलेले होते. ते सत्तर हजार रुपये इसाराच्या दुसऱ्याच आठवड्यात भरले गेल्याची सोसायटीची पावती आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार आम्ही दाखल केला. विहिरीवर पंचेचाळीस हजारांची मोटार आणि पाइपलाइन बसविली होती. दुकानदाराचे बिल मिळाले, मोटार जागेवर चालू होती. उरलेले पंच्याऐंशी हजार एका मित्राच्या धंद्यात आणि मौजमजेत गेले होते आणि त्यातून मुलाच्या हाती काहीही राहिले नव्हते. कोर्टाने करारपूर्तीची मागणी फेटाळली. कर्जफेडीचे सत्तर हजार पूर्णपणे लाभ धरले, कारण त्यामुळे जमीन बोजामुक्त झाली. मोटार आणि पाइप यांची वापरानंतर उरलेली किंमत तीस हजार धरली. आणि एकंदर एक लाखाचा हुकूमनामा दिला. व्याज कराराखालचे होते, आणि करारच नव्हता. ते मिळाले नाही. जे उधळले गेले त्याने मुलाची मालमत्ता वाढली नाही, म्हणून तेही मिळाले नाही. मुलाने पैसे शहाणपणाने वापरले तर देणाऱ्याचे वाचतात आणि उधळले तर बुडतात, ही गोष्ट माझ्या मामेभावाला शेवटपर्यंत अन्यायाची वाटली. परंतु तरुणाच्या अपरिपक्वतेचा धोका कोणी सोसावा असा प्रश्न असेल, तर तो सज्ञान असून चौकशी न करणाऱ्याने सोसावा, असेच कायद्याचे धोरण आहे.

म्हणून ज्यांना असा व्यवहार करावयाचा असेल त्यांनी सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ दिसताच थांबावे, सज्ञानतेचा फेरफार झाल्याखेरीज पुढे जाऊ नये, आणि वय माणसाच्या चेहऱ्यावरून किंवा त्याच्या शपथेवरून न ठरविता जन्मनोंदीवरून आणि शाळेच्या दाखल्यावरून ठरवावे. आईची सही घेतली म्हणजे भागले, असेही समजू नये. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाच्या कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मिळकत विकण्यास किंवा गहाण ठेवण्यास कोर्टाची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता झालेला व्यवहार मुलाला सज्ञान झाल्यावर रद्द करून घेता येतो. अन्न, वस्त्र, शिक्षण, औषधपाणी अशा, मुलाच्या परिस्थितीला साजेशा, गरजेच्या गोष्टी ज्याने पुरविल्या त्याचे हित मात्र करारकायद्याच्या अडुसष्टाव्या कलमाने राखले आहे. तोसुद्धा मुलाच्या मिळकतीतूनच वसूल करू शकतो, मुलावर व्यक्तिशः बोजा येत नाही. आणि पैसा जाऊन बसलाच असेल, तर तो कोणत्या कामी लागला याचे कागद त्याच आठवड्यात गोळा करण्यास लागावे. वर्षानंतर सोसायटीची पावती मिळते, परंतु पाइप उखडलेले असतात.

हुकूमनाम्यानंतर काही महिन्यांनी तो मुलगा, आता सज्ञान झालेला, आपण होऊन माझ्या मामेभावाकडे आला आणि जुना करार कायम करून देतो म्हणाला. ते शक्य नव्हते. जे कधी अस्तित्वातच आले नाही त्याला मागाहून मान्यता देता येत नाही, आणि अज्ञानपणी घेतलेले पैसे हा नव्या वचनाचा मोबदला होऊ शकत नाही. नवा करार नव्या मोबदल्यावरच उभा राहिला पाहिजे. मी दोघांना समोर बसवून तसे सांगितले. जमिनीची त्या दिवशीची बाजारभावाने किंमत ठरली, तीतून हुकूमनाम्याचे एक लाख वजा करण्यात आले, कारण ते आता न्यायालयाने ठरविलेले खरेखुरे देणे होते, आणि बाकीची रक्कम दुय्यम निबंधकासमोर खरेदीखत नोंदविताना धनाकर्षाने दिली गेली. उधळलेल्या पैशाचा उल्लेख खरेदीखतात कोठेही येऊ नये याची मी काळजी घेतली, आणि मामेभावाने, बऱ्याच नाराजीनंतर, त्यास संमती दिली.