वीज गेली तर दार काय करील?

गाझियाबादच्या उन्हाळ्यात वीज अधूनमधून जातेच. म्हणून आरएफआयडी कार्डाने उघडणारे दार करताना आधी कुलूप ठरवा. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंतच धरून ठेवते. वसतिगृहाला हेच हवे, आगीत कोणी अडकत नाही. भांडाराला मात्र उलटे: वीज नसता बंद राहणारे, बाहेरून किल्लीने आणि आतून मुठीने उघडणारे.

आता कार्डांची यादी. अर्डुइनो उनोच्या ईईप्रॉममध्ये १०२४ बाइट जागा असते आणि तिथले लिहिलेले वीज गेल्यावरही टिकते. शून्य क्रमांकाच्या बाइटमध्ये कार्डांची संख्या ठेवा, पुढे प्रत्येक कार्डाचे चार बाइट. (कोऱ्या चिपमध्ये तिथे २५५ असते, आधी शून्य लिहा.) समजा, दहा कार्डे आहेत आणि अकराव्याचे दोनच बाइट लिहिले तोच वीज गेली. संख्या आधीच ११ केली असेल, तर यादीत अर्धवट क्रमांक शिरतो. म्हणून आधी ४१ ते ४४ हे बाइट लिहा, संख्या शेवटी वाढवा. मग वीज परतल्यावर दहाच कार्डे दिसतात.

संख्येचा बाइट लिहायलाही सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ बोर्डाच्या पुरवठ्यावरचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर निभावून नेतो. कुलूप मात्र त्यावर जोडू नका.