मेल चिकटवण्याआधी

चाळींच्या पुनर्विकासाचा पत्रव्यवहार मराठीत करून देणं हे माझं काम. लालबाग, परळ, गिरगाव इथल्या समित्यांकडे डेव्हलपरचे प्रस्ताव इंग्रजी मेलवर येतात आणि सभेत ते सगळ्यांना समजावून द्यावे लागतात. मग कुणीतरी अख्खा मेल फुकटच्या भाषांतर-साइटवर चिकटवतो.

त्याचं काय होतं, ते मी गिरगावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात पाहिलं. दुकानाचा कॉम्प्युटर गिऱ्हाइकांसाठी खुला होता आणि त्यावर दुकानाचंच गुगल खातं उघडं होतं. एक शब्द पाहायला मी ट्रान्सलेट उघडलं, तर खाली History मध्ये दुसऱ्याच एका चाळीचा प्रस्ताव परिच्छेदामागून परिच्छेद पडलेला. भाड्याची रक्कम, कॉर्पस फंड, दोन भाडेकरूंची नावं आणि त्यांच्या वारसाहक्काचा वाद, सगळं त्यात होतं. खात्यात लॉगिन असताना केलेलं भाषांतर त्या खात्याच्या इतिहासात राहतं, हे ते चिकटवणाऱ्याला ठाऊक नसावं. मी मालकांना दाखवलं आणि त्यांनी ते लगेच पुसलं. पण त्याच चाळीसाठी बोली लावणारा दुसरा डेव्हलपर त्या खुर्चीत बसला असता, तर समितीच्या हाती घासाघीस करायला काय उरलं असतं?

कॉम्प्युटर घरचा असला तरी धोका संपत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने बातमी दिली, की स्टॅटऑइल या तेल कंपनीतली बडतर्फीची पत्रं, करार, अगदी पासवर्डसुद्धा साध्या गुगल शोधात सापडत होते. कर्मचाऱ्यांनी ते Translate.com वर भाषांतरासाठी टाकले होते. साइटने मजकूर साठवून ठेवला आणि शोधयंत्रं तिथवर पोचली. कुणी काही चोरलं नव्हतं. म्हणून साइटच्या अटींत दोन गोष्टी आधी वाचाव्यात: मजकूर साठवतात का, आणि तो यंत्र सुधारण्यासाठी वापरतात का. फुकट आणि पैसे देऊन घेतलेल्या सेवेच्या अटी बहुधा वेगळ्या असतात.

यंत्र वापरायचंच असेल तर मेल आधी सोलून घ्या. सगळ्यात जास्त गळती मेलच्या शेपटीतून होते. Ctrl+A दाबलं की नव्या पत्राबरोबर खालची जुनी उत्तरं, सह्या, मोबाइल नंबर आणि कधी बँक खात्याचा तपशीलही कॉपी होतो. हवा तेवढाच परिच्छेद वेगळ्या कोऱ्या फाइलीत घ्या. तिथे डेव्हलपरच्या नावाऐवजी ‘क’, चाळीच्या नावाऐवजी ‘ख’ आणि आकड्यांच्या जागी ‘रक्कम १’, ‘रक्कम २’ असं लिहा. कशाच्या जागी काय, ते कागदावर टिपून ठेवा आणि भाषांतर झाल्यावर हातानेच परत भरा. गुगल ट्रान्सलेटच्या मोबाइल अॅपमध्ये मराठी उतरवून घेता येते. मग नेट बंद ठेवून भाषांतर केलं तर मजकूर फोनबाहेर जात नाही. भाषा थोडी ओबडधोबड येते, पण मथितार्थ कळायला पुरते.

पुढचं काम मात्र माणसाचंच. एका मेलमधलं वाक्य घ्या: सर्व परवानग्या मिळाल्यास डेव्हलपर जास्तीत जास्त ३६ महिने भाडं ‘देऊ शकेल’. इंग्रजीत तिथे ‘मे’ होतं, ‘शॅल’ नव्हतं. यंत्राने ‘भाडे देईल’ असं केलं, तर सभेला ते वचन वाटतं. मुळात ती फक्त मुभा आहे, तीही अटीवर, आणि ३६ महिन्यांनंतर काय याबद्दल अक्षर नाही. त्याच मेलच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ होतं. यंत्राने त्याचं ‘पूर्वग्रहाशिवाय’ केलं. खरा अर्थ असा, की या पत्रामुळे लिहिणाऱ्याचे हक्क कमी होत नाहीत. अशी वाक्यं मूळ इंग्रजी शेजारी ठेवून हाताने लिहा. ‘कार्पेट एरिया’ तसाच ठेवा, कारण यंत्राचं ‘चटई क्षेत्र’ वाचून लोक एफएसआयशी, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकाशी घोटाळा करतात. मिलियनचे लाख स्वतः करा: अडीच मिलियन म्हणजे पंचवीस लाख. ‘नाही’, ‘पर्यंत’ आणि ‘मिळाल्यास’ हे शब्द दोन्ही प्रतींत बोट ठेवून जुळवा.

करारच पुढे आला असेल, तर तो कुठल्याच साइटवर टाकू नका. समितीने डेव्हलपरकडे मराठी प्रत लेखी मागावी, ती आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावी आणि दोन प्रतींत फरक आढळला तर कोणती ग्राह्य धरायची, हे सही करण्याआधी करारातच लिहून घ्यावं.