बँकेने ओढलेली गाडी लिलावात घेताना: बोली कितीवर थांबवायची?

व्हिडिओत आपण यार्डमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या. इथे त्याचा हिशोब लिहून देतोय, म्हणजे वही-पेन घेऊन बसता येईल. उदाहरण छोट्या हत्तीचं घेऊ, कारण डिलिव्हरी, भाजीपाला, पाण्याचे जार, मंडप, असल्या धंद्यात पहिली गाडी बहुतेक तीच असते.

फायनान्सवाल्यांनी ओढलेली गाडी स्वस्त दिसते, कारण तुम्हाला दिसते ती सुरुवातीची बोली. ती गाडीची किंमत नाही. आणि विक्री 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर असते. म्हणजे पैसे भरल्यानंतर इंजिन बसलेलं निघालं किंवा कर थकलेला निघाला, तर तो तुमचा प्रश्न.

इंजिनाचं बिघडलं तर मेकॅनिक आहे. कागद अडकला तर मात्र गाडी दारात उभी राहते आणि धंदा बंद. म्हणून आधी कागद.

पहिला प्रश्न यार्डवाल्याला नाही, बँकेच्या माणसाला विचारायचा: "आरसीवर आत्ता मालक म्हणून नाव कोणाचं आहे?" उत्तर दोनपैकी एक येईल.

एक, बँकेने आरसी स्वतःच्या नावावर करून घेतली आहे. हप्ते थकल्यामुळे गाडी ताब्यात घेतली असेल, तर मोटार वाहन कायद्यात यासाठी सोय आहे. बँक फॉर्म ३६ भरते, आरटीओ जुन्या मालकाला नोटीस देतं आणि बँकेच्या नावाने नवी आरसी काढतं. अशा गाडीत विकणारी बँकच असते, सही तिचीच चालते. तुमच्यासाठी हा सगळ्यात सरळ रस्ता.

दोन, नाव अजून जुन्या कर्जदाराचंच आहे. मग बँक तुम्हाला त्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० देते, शिवाय बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि एनओसी. कर्जदाराने गाडी स्वतःहून आणून दिली असेल, तर हे बहुतेक निभतं. पण गाडी रस्त्यावरून ओढली असेल, तर तो माणूस चिडलेला असतो. ऑनलाइन अर्जात ओटीपी त्याच्या मोबाइलवर गेला, तर तो तुम्हाला कशाला सांगेल? कोऱ्या फॉर्मवर सह्या आहेत आणि सोबत ओळखपत्राची प्रतही नाही, असा गठ्ठा हातात दिला तर सरळ म्हणा: "आधी फॉर्म ३६ करून द्या, मग बोलू." बँक नाही म्हणाली तर ती गाडी सोडा, कितीही स्वस्त असू दे.

(फॉर्म ३२ चं नाव तुम्ही एजंटकडून ऐकाल. तो सरकारने किंवा सरकारच्या वतीने केलेल्या जाहीर लिलावासाठी असतो. बँकेच्या लिलावात त्याच्या भरवशावर राहू नका.)

आता गाडीचा नंबर parivahan.gov.in वर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धवट, मध्ये फुल्या घालून दिसतं, पण व्यक्ती आहे की बँक एवढं कळतं. फिटनेस, कर आणि विमा कुठपर्यंत आहे, बोजा कोणाचा आहे आणि गाडी ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हेही तिथेच दिसतं. ब्लॅकलिस्ट असेल तर कारण कळल्याशिवाय अनामत भरू नका. ते कारण थकलेला दंड असू शकतं, तसंच पोलीस केसही असू शकते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला कर, हा खर्च वेगळा धरा. एक गोष्ट मात्र सोपी आहे: एकूण भारासह वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही, त्यामुळे छोट्या हत्तीत ती कटकट नसते.

बँकेकडून आणखी एक कागद मागा: ताबा घेताना केलेली यादी. त्यात किलोमीटर, टायर, बॅटरी, स्टेपनी असं लिहिलेलं असतं. ती हातात धरूनच यार्डमध्ये फिरा. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीतून वस्तू 'चालत' जातात, हे यार्डवाल्यालाही माहीत असतं!

गाडी पाहायला स्वतःचा मेकॅनिक न्या. चालवून बघायला बहुतेक देत नाहीत, चालू करून देतील तेवढंच. चालू करण्याआधी बोनेट किंवा इंजिनजवळ हात लावून बघा. गरम लागलं तर तुमच्या येण्याआधी ती धक्का मारून किंवा दुसरी बॅटरी लावून तयार ठेवलेली असू शकते. ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेल्याची शंका घ्या. आणि चासीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. नंबर घासलेला किंवा वेडावाकडा दिसला की तिथून निघा.

आता हिशोब. समजा २०१९ ची गाडी आहे. तशीच चालू गाडी, सगळ्या कागदांसह, तुमच्या गावात डीलरकडे ३,२०,००० ला मिळते. लिलावाची सुरुवात १,६०,००० पासून आहे. "अर्ध्या किमतीत!" असं वाटतं ना? उलट्या बाजूने मोजू.

गाडी रस्त्यावर आणायला टोचन, बॅटरी, चार टायर, ऑइल, क्लच आणि ब्रेक मिळून ४०,००० धरा. कागदांचे ४९,०००: त्यात सगळ्यात मोठा आकडा विम्याचा, कारण मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच साधारण १६ हजारांच्या आसपास जातो. बाकी फिटनेस, थकलेला कर, दंड आणि नावावर करण्याचा खर्च. लिलावाचं शुल्क आणि यार्डचं भाडं ८,०००. हे झाले ९७,०००. गाडी हातात येऊन नावावर व्हायला महिना गेला आणि तोवर तुम्ही भाड्याची गाडी वापरली, तर रोजचे ६०० जास्त या दराने १८,०००. आणि न दिसलेल्या बिघाडासाठी बाजारभावाच्या दहा टक्के, म्हणजे ३२,०००.

३,२०,००० मधून हे सगळं वजा केलं की उरतात १,७३,०००. हीच तुमची शेवटची बोली. तो बिघाड निघालाच नाही, तर बचत ३२,००० ची, म्हणजे दहा टक्के. अशा गाडीत मी एवढीच बचत वास्तव धरतो. बोली २,१०,००० वर गेली तर ९७,००० आणि १८,००० मिळवून ३,२५,००० होतात. डीलरची गाडी त्यापेक्षा स्वस्त, आणि उद्यापासून चालू!

तुमचे आकडे वेगळे येतील. स्वतःचं गॅरेज असेल तर ४०,००० चे २५,००० होतील आणि बोली तेवढी वर जाऊ शकते. गाडी लगेच लागणार असेल तर ती खाली येईल. आकडा लिलावाच्या आदल्या रात्री कागदावर लिहा, बोली लावताना बदलू नका. लिलावाच्या अटींमध्ये दोन ओळी नक्की शोधा: बोलीवर जीएसटी वेगळा आहे का, आणि सर्वात मोठी बोली लागल्यावरही बँकेची मंजुरी बाकी राहते का. मंजुरी येईपर्यंत तुमची अनामत अडकून राहते, म्हणून एकाच वेळी तीन गाड्यांवर अनामत लावू नका.

पैसे फक्त बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या खात्यात भरा, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. व्हॉट्सॲपवर 'ओढलेल्या गाड्यांची यादी' पाठवून टोकन मागणारे फिरत असतात. ताबा घेताना विक्रीचं पत्र, पैशाची पावती, एनओसी, फॉर्म ३५ आणि चावी एकाच वेळी घ्या. "एनओसी पुढच्या आठवड्यात कुरिअरने पाठवतो" म्हणाले, तर गाडीही पुढच्या आठवड्यात न्या, फक्त तोवरचं यार्डचं भाडं माफ असल्याचं लिहून घ्या. एनओसीवर मुदत लिहिलेली आहे का बघा आणि ती संपायच्या आत आरटीओत अर्ज टाका. नवा विमा सुरू होऊन फिटनेस मिळेपर्यंत गाडी टोचन करूनच न्या. यार्डमधून थेट माल भरायला नेऊ नका.