गठ्ठा उलटला आणि ०.९८ चं ०.०५ झालं

अकोल्याला कृषी विस्तारात पदव्युत्तर शिक्षण घेत होते तेव्हाची गोष्ट. प्रबंध होता कपाशीतल्या कामगंध सापळ्यांच्या अवलंबावर, आणि गावं दर्यापूर तालुक्यातली. मोठ्या पाहणीआधी प्रश्नावली तपासून बघावी म्हणून आठ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. शिक्षण आणि अवलंब यांचा काही संबंध दिसतो का, एवढंच बघायचं होतं.

शिक्षणाचे तीन स्तर होते: प्राथमिक, माध्यमिक, पदवी. अवलंबाचेही तीनच: कमी, मध्यम, जास्त. या पायऱ्या आहेत, मोजमाप नव्हे. प्राथमिक ते माध्यमिक जेवढं अंतर, तेवढंच माध्यमिक ते पदवी, असं म्हणता येत नाही. म्हणून क्रमांक लावायचे आणि स्पिअरमनने १९०४ मध्ये मांडलेला क्रम-सहसंबंध काढायचा. शेतकऱ्यांना अ ते ह म्हणू. अ, ब, क प्राथमिक, ड, इ, फ, ग माध्यमिक, ह पदवीधर. अवलंब अ, ब, ड यांचा कमी. क, इ, फ यांचा मध्यम. ग आणि ह यांचा जास्त.

तिघे प्राथमिक, मग पहिला कोण? मी गठ्ठ्यात ज्याचा कागद आधी आला त्याला १, पुढच्याला २, त्यापुढच्याला ३ दिले. अवलंबालाही तसंच. क आणि ड वगळता सगळ्यांचे क्रमांक जुळले. फरकांच्या वर्गांची बेरीज आली २. तिची सहापट १२, भागिले ८ × ६३ म्हणजे ५०४, आणि ते १ मधून वजा. उत्तर ०.९८. मी लगेच लिहून टाकलं, ‘अत्यंत घनिष्ठ संबंध’.

खोलीतली मैत्रीण म्हणाली, “गठ्ठा पलटवून पाय बरं एकदा.” पलटवला. ह चा कागद वर, अ चा खाली, पद्धत तीच. वर्गांची बेरीज ८० झाली आणि उत्तर ०.०५. शेतकरी तेच, त्यांची उत्तरं तीच. बदलला होता फक्त कागदांचा क्रम. म्हणजे माझा ०.९८ मी कुणाच्या वावरात आधी गेले त्यावर ठरला होता.

बरोबरीत असलेले मिळून ज्या जागा व्यापतात त्यांची सरासरी प्रत्येकाला द्यायची असते. प्राथमिकच्या तिघांनी १, २, ३ या जागा घेतल्या, तर प्रत्येकाला २. माध्यमिकच्या चौघांना ४ ते ७ ची सरासरी ५.५. पदवीधराला ८. अवलंबात कमीला २, मध्यमला ५, जास्तला ७.५. शाळेच्या निकालासारखं सगळ्यांना ‘पहिला’ करून पुढच्याला ‘दुसरा’ केलं, तर क्रमांकांची बेरीज ३६ येत नाही आणि चूक पकडली जाते. माझी चूक मात्र या तपासणीत सापडली नसती, कारण तिथेही बेरीज ३६ च होती. ती पकडायला गठ्ठाच उलटावा लागतो.

आता फरक असे: अ आणि ब शून्य, क ३, ड ३.५, ग २, आणि इ, फ, ह प्रत्येकी अर्धा. वर्गांची बेरीज २६. नेहमीच्या सूत्रात घातलं तर ०.६९. इथेही थांबायचं नाही. ते सूत्र धरून चालतं की दोन्ही रकान्यांत १ ते ८ हे सगळे क्रमांक एकेकदाच आलेत. तसं असेल तर सरासरी ४.५ पासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज प्रत्येक रकान्यात ४२ येते. बरोबरी झाली की क्रमांक आत ओढले जातात आणि ही बेरीज घटते. गटातल्या संख्येचा घन, वजा ती संख्या, भागिले १२, एवढी ती घट. जोडीला ०.५, तिघांना २, चौघांना ५. शिक्षणात २ + ५ = ७ घटले, उरले ३५. अवलंबात २ + २ + ०.५ = ४.५ घटले, उरले ३७.५.

```
(35 + 37.5 - 26) / (2 × √(35 × 37.5)) = 46.5 / 72.46 = 0.64
```

सरासरी क्रमांकांवर नेहमीचा पिअरसनचा सहसंबंध काढला तरी हेच येतं, संगणकही साधारण हेच देतो.

खरी गंमत पुढेच. आपल्याकडच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ही घट सरळ वर्गांच्या बेरजेत मिळवायला सांगतात: २६ + ७ + ४.५ = ३७.५. मग उत्तर येतं ०.५५. मी दोन दिवस आकडेमोडीतली चूक शोधत बसले, आणि चूक नव्हतीच. ०.५५ म्हणजे ४६.५ भागिले ८४. वरचा आकडा तोच. खाली मात्र बरोबरी झालीच नाही असं समजून ४२ ची दुप्पट तशीच ठेवलेली. परीक्षेत पुस्तकाचं सूत्र मागितलं तर ते द्यावं, पण प्रबंधात कोणतं वापरलं ते लिहावंच. बरोबरी अजिबात नसेल तेव्हा तिन्ही सूत्रं एकच उत्तर देतात, त्यामुळे हा घोळ सोप्या उदाहरणांत कधी दिसतच नाही.

आठ जणांसाठी कोष्टकातली पाच टक्क्यांची दुहेरी मर्यादा ०.७३८ आहे. तीही बरोबरी नसलेल्या क्रमांकांसाठी काढलेली, इतक्या बरोबऱ्यांत ती अंदाजापुरतीच. माझा ०.६४ तिच्या खालीच राहिला. ‘अत्यंत घनिष्ठ संबंध’ मी पेन्सिलीने खोडलं आणि उरलेल्या मुलाखतींसाठी सकाळची दर्यापूरची एसटी धरली. या वेळी अवलंबाचे तीन स्तर न ठेवता एकरी किती सापळे लावले तो आकडाच विचारायचा ठरवला होता, म्हणजे बरोबऱ्या तरी कमी होतील.