एक संगणक, वीस वाचक : खोलीतल्या वायफायवरून ग्रंथवाटप

महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १४ एप्रिल १९७९ रोजी वसंत मून यांच्या संपादनाखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यानंतर या मालेत अनेक खंडांची भर पडली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ अकराव्या खंडात आहे, तर बाबासाहेबांची मराठी भाषणे अठराव्या खंडाच्या तीन भागांत आहेत. आज हे खंड पीडीएफ रूपात मिळतात. तथापि पाने छायाचित्रासारखी टिपलेली असल्यामुळे या फाइली जड असतात. वसतिगृहातील एका वर्गाला त्यांतील काही खंड द्यायचे ठरवले, की फाइली आणायच्या कोठून यापेक्षा त्या सर्वांपर्यंत पोहोचवायच्या कशा, हाच प्रश्न मोठा होतो.

समजा, वीस खंडांचा मिळून ६०० एमबीचा संग्रह वीस विद्यार्थ्यांना द्यायचा आहे. प्रत्येकाने तो इंटरनेटवरून स्वतंत्रपणे उतरवला, तर एकाच खोलीत १२ जीबी माहिती बाहेरून येईल आणि प्रत्येकाच्या मोबाइल पॅकचा मोठा भाग त्यात खर्च होईल. पेनड्राइव्ह हातोहात फिरवावा, तर बहुतेक मोबाइलना तो जोडता येत नाही. शिवाय विषाणू फिरण्याची भीती असतेच. समाजमाध्यमावरून पाठवावे, तर फाइल आधी दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तेथून परत शेजारच्या बाकावर येते. उरणहून मुंबईला जाऊन पुन्हा उरणलाच यावे, तसाच हा प्रकार.

यापेक्षा सरळ मार्ग असा, की ज्या संगणकावर संग्रह आहे त्यालाच काही काळ ‘सर्व्हर’ करावे. सर्व्हर म्हणजे कोणी मागितले तर फाइल देणारा संगणक, एवढाच येथे अर्थ. ‘पायथॉन’ या संगणकभाषेत असा छोटा वेब सर्व्हर अंगभूत असतो. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीत पायथॉन आधीपासूनच असते. विंडोजवर ते एकदा विनामूल्य स्थापित करावे लागते. विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर मात्र काहीही स्थापित करावे लागत नाही. त्यांना ब्राउझर पुरतो.

प्रथम `granth` नावाचे वेगळे फोल्डर करून वाटायच्या फाइलींच्या प्रतीच तेवढ्या त्यात ठेवाव्यात. ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ज्या फोल्डरमधून सर्व्हर सुरू होतो त्यातील सर्व काही, उपफोल्डरांसह, त्या वायफायवरील कोणालाही दिसते. त्याला पासवर्ड नसतो. घरच्या मुख्य फोल्डरमधूनच सर्व्हर सुरू केला, तर ग्रंथांबरोबर गुणपत्रके, आधार कार्डाच्या प्रती आणि खासगी छायाचित्रेही वाटली जातील. फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवणे सोयीचे. देवनागरी नावे चालतात, परंतु सर्व्हरच्या नोंदीत ती टक्केचिन्हांच्या रांगा होऊन उमटतात आणि कोणती फाइल कोणती, हे कळेनासे होते.

लिनक्स संगणकावर टर्मिनल उघडून पुढील दोन ओळी द्याव्यात. विंडोजवर दुसऱ्या ओळीत `python3` ऐवजी `py` लिहावे.

```
cd granth
python3 -m http.server 8000
```

पडद्यावर असे उत्तर येते :

```
Serving HTTP on 0.0.0.0 port 8000 (http://0.0.0.0:8000/) ...
```

येथे नवख्या माणसाची फसगत होते. `0.0.0.0` हा संगणकाचा पत्ता नव्हे. ‘माझ्या सर्व वाटांवरून येणारी मागणी मी ऐकतो आहे’ असा त्याचा अर्थ. मोबाइलमध्ये तो टंकून काही मिळत नाही. संगणकाचा वायफायवरील खरा पत्ता पाहण्यासाठी दुसऱ्या टर्मिनलमध्ये लिनक्सवर `hostname -I` आणि विंडोजवर `ipconfig` ही आज्ञा द्यावी. तो पत्ता `192.168.1.7` निघाला असे धरू. फळ्यावर `http://192.168.1.7:8000/` असे ठळक लिहावे. त्याच वायफायवरील मुलांनी हा पत्ता ब्राउझरमध्ये टंकला, की फाइलींची साधी यादी दिसते. हव्या त्या नावावर बोट ठेवले, की फाइल उतरू लागते. पत्त्याच्या आरंभीचे `http://` गाळू नये. काही ब्राउझर आपणहून `https` लावतात. या सर्व्हरला ते समजत नाही, पान उघडत नाही आणि टर्मिनलमध्ये अगम्य अक्षरांची `400` क्रमांकाची ओळ उमटते. ती दिसली, की कोणाच्या तरी पत्त्यात एक `s` शिरला आहे असे समजावे.

या साऱ्यासाठी इंटरनेटची आवश्यकता नाही. राउटरला बाहेरची जोडणी नसली तरी तो खोलीतल्या यंत्रांना एकमेकांशी जोडतोच. पावसाळ्यात नेट बंद पडले, वीज गेली, तरी लॅपटॉपची बॅटरी आणि एखाद्या मोबाइलचा हॉटस्पॉट यांवर हे काम चालू शकते. मात्र हॉटस्पॉटवर एका वेळी किती यंत्रे जोडता येतील याला मर्यादा असते, वीस बहुधा मावत नाहीत. आणखी एक खोच आहे. वायफायला इंटरनेट नाही हे लक्षात येताच अँड्रॉइड मोबाइल तसा संदेश दाखवतो आणि हळूच मोबाइल डेटाकडे वळतो. मग शेजारच्या मुलाला यादी दिसते आणि याला दिसत नाही. संदेशाला ‘जोडलेले राहा’ असे उत्तर द्यावे, किंवा तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवावा.

एकालाही यादी दिसत नसेल, तर कारण संगणकाकडे किंवा राउटरकडे असते. प्रथम त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये `http://localhost:8000/` उघडून पाहावे. तेथे यादी दिसली, तर सर्व्हर ठीक आहे आणि अडथळा वाटेत आहे. विंडोजवर तो बहुधा फायरवॉलचा असतो : पहिल्यांदा सर्व्हर सुरू करताना आलेल्या विचारणेला कोणीतरी नकार दिलेला असतो, किंवा ते वायफाय ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदलेले असते. फायरवॉल संपूर्ण बंद करण्याचा सोपा उपाय करू नये. पायथॉनला खासगी जाळ्यावर परवानगी द्यावी. फायरवॉल निर्दोष असेल, तर राउटरवर पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय वापरात आहे का, ते पाहावे. अशा वायफायवर प्रत्येक यंत्राला बाहेर जाता येते, पण एकमेकांशी बोलता येत नाही.

आता वेळेचा हिशेब. प्रयोगादाखल एकाच मोबाइलवर ६० एमबी उतरवले आणि १२ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ५ एमबी झाला. वीस जणांचे १२,००० एमबी या वेगाने देण्यास २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटे लागतील. वीस मोबाइल एकदम जोडल्याने हा वेळ कमी होत नाही, कारण तीच हवा सर्वांत वाटली जाते. उलट, दूर कोपऱ्यातला क्षीण सिग्नलचा मोबाइल संथपणे बोलत राहतो आणि इतरांचाही वेळ खातो.

पुष्कळांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी, की लॅपटॉपही वायफायवरच असेल तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते : एकदा लॅपटॉपपासून राउटरपर्यंत, मग राउटरपासून मोबाइलपर्यंत. लॅपटॉप राउटरला केबलने जोडला, की पहिली फेरी तारेतून होते आणि हवा केवळ दुसऱ्या फेरीसाठी उरते. त्यामुळे वेग जवळजवळ दुप्पट होऊन चाळीस मिनिटांचे काम वीस-बावीस मिनिटांत आटोपू शकते. महागडा राउटर घेण्यापूर्वी ही दोन मीटरची केबल लावून पाहावी. केबल लावल्यावर संगणकाचा पत्ता बदलतो, तो पुन्हा पाहून फळ्यावर लिहावा.

दुसरी मर्यादा या सर्व्हरची स्वतःची आहे. उतरवणे मध्येच तुटले, तर राहिलेला भागच तेवढा देण्याची सोय त्यात नाही. फाइल पहिल्यापासून घ्यावी लागते. म्हणून सगळ्या खंडांचे एकच ६०० एमबीचे झिप बांधण्याचा मोह टाळावा. ५५० एमबीपाशी जोडणी तुटली, तर सारे वाया जाईल. वीस खंड वेगवेगळे ठेवले, तर एका वेळी सुमारे ३० एमबीचेच नुकसान होते. याच कारणाने पाच-पाच मुलांचे गट करणे मला अधिक पसंत आहे. एकूण वेळ तोच लागतो. परंतु पहिला गट लवकर मोकळा होऊन वाचू लागतो, आणि गर्दी कमी असल्याने जोडण्या तुटण्याचे प्रमाणही घटते. त्या वेळेपुरते लॅपटॉपचे झोपी जाणे बंद ठेवावे; झाकण मिटले, की सर्वांचेच काम थांबते.

कोणाला काय मिळाले, हे टर्मिनलमधील नोंदींवरून कळते असे वाटते. नोंद अशी असते :

```
192.168.1.12 - - [14/Apr/2025 10:05:31] "GET /khand-11.pdf HTTP/1.1" 200 -
```

पहिला आकडा मागणाऱ्या मोबाइलचा पत्ता आणि `200` म्हणजे ‘फाइल आहे, देतो’. ही ओळ देणे सुरू होताना उमटते, संपल्यावर नव्हे. तेव्हा `200` पाहून त्या मुलाच्या नावापुढे बरोबरची खूण करणे घाईचे ठरेल. `Broken pipe` किंवा `Connection reset` अशा शब्दांची लांबलचक तक्रार आली, तर कोणाची तरी जोडणी मध्येच तुटली आहे. सर्व्हर मात्र चालूच राहतो.

खरी तपासणी मोबाइलवर करावी. प्रत्येक खंडाचा आकार फळ्यावर लिहून ठेवावा आणि मुलांनी आपल्या फाइलीचा आकार त्याच्याशी पडताळावा. पीडीएफच्या बाबतीत निसर्गतःच एक सोय आहे : कोणते पान फाइलीत कोठे आहे याची सूची फाइलीच्या शेवटी असते. त्यामुळे अर्धवट उतरलेली पीडीएफ बहुधा उघडतच नाही, किंवा बिघडल्याची तक्रार करते. शेवटचे पान उघडून वाचता आले, तर खंड पूर्ण आला असे धरण्यास हरकत नाही.

वाटप कशाचे करावे, याचाही विचार हवा. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील तो हक्क २०१६ अखेर संपला. नव्या संपादकांच्या प्रस्तावना, अलीकडील अनुवाद, खासगी प्रकाशकांची मार्गदर्शके यांना हे लागू नाही. ती या फोल्डरमध्ये ठेवू नयेत.

सर्वांचे उतरवून झाले, की टर्मिनलमध्ये `Ctrl+C` दाबावे. सर्व्हर तत्क्षणी बंद होतो आणि फळ्यावरचा पत्ता निरुपयोगी होतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांसाठी पुन्हा सुरू करायचे असेल, तर तो पत्ता नव्याने पाहावा. राउटर यंत्रांना रोज तोच पत्ता देईल असे नाही.