डबाबंद राजमा गरम करताना

राजम्याचा बंद डबा तसाच चुलीवर ठेवू नका. वाफ कोंडून तो फुटू शकतो. डबा उघडून राजमा रसासकट पातेल्यात ओता आणि ढवळत चांगली उकळी आणा. विकतच्या डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, त्याला एवढे पुरे.

घरी बरणीत हवाबंद केलेला राजमा मात्र उकळी फुटल्यापासून १० मिनिटे उकळू द्या. बॉट्युलिझमचे विष वासावरून कळत नाही, पण उकळीने नासते. उंचावर पाणी कमी उष्णतेला उकळते. म्हणून दर हजार फुटांना १ मिनिट वाढवा. कोल्हापूरकडे १२ मिनिटे धरा.

फुगलेला किंवा गळका डबा उकळूनही वापरू नका, चाखूही नका. सरळ टाकून द्या, असे आम्ही सांगतो.